पाहिलं, ऐकलं आणि फोटोखालच्या ओळी

शिक्षकांच्या फोटोखाली लिहायच्या ओळी आपल्याकडे तयार मिळतात. गुरुपौर्णिमा आली की त्या इकडून तिकडे फिरायला लागतात. ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं, ज्यांनी मातीला आकार दिला, त्या गुरुजनांना वंदन. लिहिणाऱ्याची भावना खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती ओळ सांगलीतल्या कुठल्याही बाईंच्या फोटोखाली तितकीच शोभते. माझ्या भूगोलाच्या बाईंच्या फोटोखाली ती घालावी असं मला काही केल्या वाटेना. त्यांनी माझ्यातली एक नेमकी गोष्ट बदलली आहे. ती कधी बदलली, कुठल्या वहीत बदलली, हे मला बोट ठेवून दाखवता येतं. मग आभार मानताना तेच का लिहू नये?

आधी फोटो कुठला, हे ठरवायचं होतं. माझ्याकडे दोन होते. एक बाईंच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला, शाल-श्रीफळ, हार, मागे बॅनर, आम्ही आठ-दहा विद्यार्थिनी ओळीत. दुसरा यंदाच्या जूनमधला, विश्रामबागेतल्या त्यांच्या घराच्या पडवीतला. त्यात बाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. मांडीवर एक लांबट फुलस्केप वही उघडी आहे, चष्मा नाकावर खाली आलाय आणि बोट एका रकान्यावर आहे. मी शेजारी वाकून बघतेय. पहिल्या फोटोत त्यांचा मान दिसतो, दुसऱ्यात त्या काय करायच्या ते दिसतं. मी दुसरा घेतला. आता त्या वहीबद्दल सांगायला हवं.

२००५ साली मी नववीत होते. आमचं घर गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. जुलै लागला की आमच्या गल्लीत एक वेगळाच कारभार सुरू व्हायचा. कोण सांगायचं, कोयनेचे दरवाजे सगळेच्या सगळे उघडलेत. कोण म्हणायचं, सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरलं. दूधवाला एक आकडा सांगायचा, समोरच्या काकू दुसरा. आमच्या आज्जीला तर रात्री नदीचा आवाज यायचा. मी सगळ्यांचं सगळं खरं मानायची. अंथरुणात पडून राहायची आणि दाराच्या फटीकडे बघत जागायची. पाऊस थांबला तरी झोप यायची नाही, कारण कुणीतरी म्हणालेलं असायचं की पाणी रात्रीचंच चढतं. तेव्हाची मी ही अशी होते. फोटोखाली हे लिहिलंच पाहिजे असं मला वाटलं. आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय बदललं काय, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

त्या जुलैत बाई वर्गात आल्या आणि नकाशा न लावता फळ्यावर दोन मोठे रकाने पाडले. एकावर लिहिलं ‘पाहिलं’, दुसऱ्यावर ‘ऐकलं’. मग म्हणाल्या, “नदीबद्दल आज सकाळपासून तुम्हाला जे कळलंय ते एकेकानं सांगा.” पोरांनी धडाधड सांगितलं. प्रत्येक वाक्याला बाई दोनच प्रश्न विचारायच्या, “कोणी पाहिलं? किती वाजता?” तास संपेपर्यंत ‘ऐकलं’चा रकाना खालपर्यंत भरला होता आणि ‘पाहिलं’खाली एकच नोंद होती. घाटाजवळ राहणाऱ्या आमच्या वर्गातल्या एका मुलानं शाळेत येताना आयर्विन पुलाच्या खांबावरचा आकडा वाचला होता.

आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची उंची फुटांत मोजतात आणि सगळी सांगली पावसाळ्यात त्याच आकड्यावर जगते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण तो आकडा स्वतः जाऊन वाचलेला माणूस गल्लीत शोधावा लागायचा.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. तारीख, वेळ, पातळी, आधीच्या नोंदीपेक्षा किती वाढ, कोणी वाचली. घाटाजवळच्या त्या मुलाकडे सकाळचं काम आलं. बाईंनी त्याला वाचायचं कसं ते शिकवलं. रोज एकाच जागी उभं राहायचं, कारण पुलावरून खाली बघितलं आणि काठावरून आडवं बघितलं तर आकडा वेगळा भासतो. पाणी हलत असतं, म्हणून लाट वर कुठं जाते आणि खाली कुठं येते ते बघून मधला आकडा घ्यायचा. वेळ घड्याळात बघून लिहायची, ‘सकाळी’ असं लिहायचं नाही. काठावर पोलिसांनी दोर बांधला असेल तर पुढं जायचं नाही आणि वहीत ‘आज वाचता आलं नाही’ असं लिहायचं. हे शेवटचं मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं. शाळेच्या वहीत जागा मोकळी सोडली तर मार्क जातात, हेच आम्हाला माहीत होतं. बाई म्हणायच्या, “मोकळी जागा ही पण नोंद आहे. अंदाज लिहिलास तर उद्या तो खरा आकडा म्हणून कोणीतरी वापरेल.”

‘ऐकलं’चा रकानाही बाईंनी कधी खोडला नाही. त्यांचा आग्रह एवढाच की ऐकलेल्याला नाव आणि वेळ हवी. आकाशवाणी सांगलीवर सकाळी सांगितलं, असं लिही. दूधवाला म्हणाला, असं लिही. कोयनेतून किती विसर्ग सुरू केला हे आम्हाला कुणाला दिसणारच नव्हतं, ते ऐकूनच घ्यावं लागणार. पण ते पाणी सांगलीच्या पुलाखाली लगेच येत नाही. कोयनानगरहून कराडला कृष्णेत मिसळून इथवर यायला बाई साधारण एक दिवस धरायला सांगायच्या. त्यामुळं ‘ऐकलं’मधली आजची नोंद उद्याच्या ‘पाहिलं’शी ताडून बघता यायची. कुणाचं ऐकलेलं जुळतं आणि कुणाचं जुळत नाही, हे पंधरवड्यात वर्गातल्या सगळ्यांना कळून चुकलं. दूधवाल्याचं बऱ्याचदा जुळायचं, कारण तो पूल ओलांडून येत असे.

एक दिवस बाईंनी फळ्यावर गणित घातलं. सकाळी ७ वाजता ३८ फूट ६ इंच, ११ वाजता ३९ फूट २ इंच. चार तासांत आठ इंच, म्हणजे तासाला दोन. ४५ फुटांना अजून ५ फूट १० इंच कमी, म्हणजे सत्तर इंच. तासाला दोन इंचांनी पस्तीस तास, म्हणजे उद्या रात्रीचे दहा. मला तो क्षण लख्ख आठवतो. ‘पाणी येणार’ या दोन शब्दांनी मी रात्र-रात्र जागत होते आणि इथे त्याच पाण्याला वार, तास आणि वाट बघायचा अवधी मिळाला होता. बाईंनी उत्तरापुढं कंसात लिहिलं, ‘वाढ अशीच राहिली तर’. आणि तो कंस वहीत उतरवून घेतलाय का, ते प्रत्येकाच्या बाकाशी येऊन बघितलं.

त्या कंसाचं कारण त्यांनी पुढच्याच ओळीत दाखवलं. दुपारी ३ वाजता समजा ३९ फूट ६ इंच भरलं. चार तासांत चारच इंच. वर्गातून आवाज आला, “बाई, ओसरायला लागलं!” बाईंनी नदीचा आडवा छेद काढला, खाली अरुंद, वर दोन्ही बाजूंना पसरट. म्हणाल्या, तांब्याभर पाणी तांब्यात ओतलं तर काठापर्यंत येतं, तेच परातीत ओतलं तर बोटभरही चढत नाही. पाणी पात्राबाहेर पडून शेतात, प्लॉटात पसरायला लागलं की तेवढंच पाणी कमी इंच चढतं. चढण्याचा वेग कमी झाला म्हणजे येणारं पाणी कमी झालं असं नाही. ओसरलं असं म्हणायचं असेल तर नंतरचा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा खाली यायला हवा, आणि तोही लागोपाठच्या नोंदींत. एका नोंदीवर काही ठरवायचं नाही.

त्याच तासाला त्यांनी वारणा दाखवली. ती सांगलीच्या खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. आपण आभाळाकडे बघतो, ऊन पडलेलं असतं, आणि पुलावरचा आकडा चढतच असतो. वारणेला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं मोकळं जात नाही, ते मागं फुगतं. त्या वर्षीच्या पुरानं हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी गेलं. जमिनीखालच्या त्या कोरड्या पेवांत वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेवांत पाणी गेल्यावर व्यापाऱ्यांच्या घरांत काय झालं ते आमच्या वर्गातल्या दोघी-तिघींनी जवळून पाहिलं. बाईंनी त्यांना त्याची नोंदसुद्धा ‘पाहिलं’मध्ये करायला लावली. शाळा नंतर काही दिवस बंद राहिली, पूर आला, गेला. वही वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती म्हणून राहिली.

माझ्यात झालेला बदल एवढा साधा आहे की सांगताना लहान वाटतो. मी ‘कोणी पाहिलं, किती वाजता?’ असं विचारायला लागले. आधी नदीबद्दल, मग सगळ्याच बाबतीत. आज मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत हिशेब बघते. गोदामात पोती किती आहेत हे मला कुणी सांगितलं की मी लिहून घेते, पण त्यापुढं सांगणाऱ्याचं नाव लिहिते. मोजून आल्यावर दुसऱ्या रकान्यात माझा आकडा लिहिते. मला माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं शेठजींच्या तोंडावर म्हणायला मला जड जात नाही. नववीच्या आधीच्या मुलीला हे जमलं नसतं. तिला गप्प बसून घाबरणं तेवढं येत होतं.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट. त्याबद्दल लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

आमच्या माजघराच्या भिंतीवर अण्णांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती, जमिनीपासून दीड फुटावर, खाली तारीख. अशा रेघा सांगलीत घरोघरी होत्या, दुकानांत होत्या. आणि त्या वर्षी त्या रेघांनीच लोकांना थांबवून ठेवलं. २००५ ला एवढंच आलं होतं, त्याच्या वर कशाला येतंय, असं सगळे म्हणत होते. सामान रेघेच्या वर ठेवलं की झालं. अण्णांनीही पलंगावर पलंग चढवून गाद्या, धान्य रेघेच्या वर रचलं आणि निवांत बसले.

पूल गाठणं तेव्हा शक्य नव्हतं. पुलावरचा आकडा जो येत होता तो ‘ऐकलं’मध्ये. मला दिसत होत्या त्या आमच्या घराच्या चार पायऱ्या. एकेक पायरी सात इंचांची. मी खडूनं पाण्याच्या काठाशी रेघ आणि वेळ लिहीत गेले. संध्याकाळी सहाला दोन पायऱ्या बुडाल्या होत्या आणि तीन तासांत एक पायरी जात होती. उरलेल्या दोन पायऱ्या म्हणजे चौदा इंच, आतली रेघ आणखी अठरा इंच वर. एकूण बत्तीस. म्हणजे साधारण चौदा तास. उद्या सकाळी आठच्या सुमाराला पाणी जुन्या रेघेला लागणार होतं, वाढ अशीच राहिली तर. आणि वाढ थांबल्याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

मी म्हटलं, “अण्णा, निघायचं.”

“अगं, रेघ बघ की. ह्याच्या वर आजवर आलं न्हाई.”

“अण्णा, मागच्या वेळी कुठवर आलं ते रेघ सांगते. ह्या वेळी कुठवर येणार ते तिला ठाऊक नाही. तुम्ही पायऱ्या बघा.”

त्यांनी बॅटरी घेऊन पायऱ्या बघितल्या. खडूच्या खुणा बघितल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन कागदपत्रांची पिशवी काढली. उजेड होता तोवर कमरेपेक्षा कमी पाण्यातून ट्रॅक्टरवर बसून आम्ही बाहेर पडलो आणि मिरजेला मामाकडं गेलो. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. परत आलो तेव्हा माजघरातल्या भिंतीवर चिखलाची नवी खूण होती, जुन्या रेघेच्या कितीतरी वर. रचून ठेवलेले पलंग, गाद्या, धान्य, सगळं गेलेलं.

हे सगळं फोटोखाली मावणार नव्हतं. फोनवर पहिल्या दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायचं तर बोट लावावं लागतं, आणि बरेच जण लावत नाहीत. म्हणून वर्ष, गाव आणि दोन रकाने पहिल्या दोन ओळींत आलेच पाहिजेत, हे मी आधी ठरवलं. त्यानंतर आधीची मी, मग नंतरची मी, मग एक पुरावा. ‘प्रेरणा’, ‘ऋण’, ‘आयुष्याला दिशा’ हे शब्द मी कागदावर येऊ दिले नाहीत, कारण त्यांच्यापुढं ‘कोणी पाहिलं?’ हा प्रश्न टिकत नाही.

माझा भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, “मावशी, ‘बाईंनी आमचा जीव वाचवला’ असं लिही. भारी वाटतं.” मी नाही म्हटलं. ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला बाहेर काढलं. थांबलो असतो तर काय झालं असतं ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच की रेघेकडे बघून बसायच्या ऐवजी आम्ही पायऱ्या बघितल्या आणि उजेडात निघालो. तेवढं बाईंचं आहे, पूर्ण त्यांचं आहे, आणि तेवढंच लिहिलं तर ते कुणी हलवू शकत नाही.

टाकायच्या आधी बाईंना विचारायला गेले. फोटोला त्यांची हरकत नव्हती. घरावरची पाटी दिसत नाही ना, एवढं त्यांनी मोठं करून बघितलं. मग मजकूर दोनदा वाचला. स्वतःबद्दलच्या ओळींवर काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “वहीत शेवटचा रकाना कुठला होता?”

“कोणी वाचली.”

“मग तो इथं कुठाय? मी रकाने पाडले गं. भर पावसात रोज जाऊन आकडा आणला तो त्या पोरानं.”

त्याला फोन लावला. तो आता टेम्पो चालवतो, कोल्हापूर-सांगली-मिरज असं भाडं मारतो. नाव घालू का, म्हटल्यावर म्हणाला, “घाल की! बाईंच्या फोटोखाली माझं नाव म्हणजे काय गं.” फोटोखाली त्याचं पूर्ण नाव आहे. इथं मी ते गाळलंय, कारण परवानगी तिथल्यापुरतीच घेतली होती. मजकूर शेवटी असा झाला :

‘सांगली, जुलै २००५, नववीचा वर्ग. बाईंनी फळ्यावर दोन रकाने पाडले : पाहिलं आणि ऐकलं. त्याआधी पुराबद्दल जो जे सांगेल ते मी खरं मानायची आणि रात्रभर जागायची. त्यानंतर मी विचारायला लागले, “कोणी पाहिलं, किती वाजता?” २०१९ ला भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विसंबून न राहता दाराच्या पायऱ्या मोजल्या आणि अण्णांना घेऊन उजेडातच घर सोडलं. ते मोजणं बाईंचं. फोटोत त्या बघतायत ती तीच वही. तिच्यातला सकाळचा प्रत्येक आकडा आमच्या वर्गमित्रानं आयर्विन पुलाजवळ उभं राहून आणलेला आहे. बाई, मी तुमची आभारी आहे.’

टाकल्यावर अर्ध्या तासात त्याचाच फोन आला. त्याचा मुलगा यंदा नववीत गेलाय आणि त्याला वहीची पानं बघायचीत. रविवारी आम्ही तिघं बाईंकडे जाऊन सगळ्या पानांचे फोटो काढणार आहोत. बाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय की फोटो दिवसाउजेडी काढायचे, हाताची सावली पडू द्यायची नाही, आणि तारखेचा रकाना कडेनं कापला जाता कामा नये.